चहा इशाच्या अजानला

त्या वर्षी मी खडू खात होते. अकोट-अंजनगाव रस्त्यावरच्या एका गावात शाळेवर गणित शिकवायचे आणि फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहिता लिहिता खडूचा तुकडा हळूच तोंडात टाकायचे. वर्गाकडे वळेपर्यंत तो विरघळलेला असायचा. पुढच्या बाकावरच्या मुलींना ते माहीत होतं, असं मला आता वाटतं. माठावर पाणी सांडलं की त्या ओल्या मातीचा वास घ्यायला मी उगाच स्वयंपाकघरात घुटमळायचे. वाईट खोड लागली म्हणून स्वतःवर चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडू खायचे. रक्त कमी झालं की माणसाला असलं काही खावंसं वाटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीचं मात्र दिसत होतं. शाळेचा जिना चढून गेलं की मी कठड्याला धरून उभी राहायची. मुलं म्हणायची, बाई विचार करून राहिल्या. मी विचारबिचार काही करत नव्हते, श्वास गोळा करत होते. पाळी आली की आठ-दहा दिवस जायची नाही. अकोटच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि अकोल्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. पिशवीत गाठी आहेत, म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल. पण हिमोग्लोबिन सात आहे, एवढ्यावर मी टेबलावर घेणार नाही. दहापर्यंत आणा. तोवर रक्त कमी जावं म्हणून वेगळ्या गोळ्या देते आणि लोहाच्या या लाल गोळ्या.

"आणि नाहीच वाढलं तर?" मी विचारलं.

"तर बाटल्या चढवाव्या लागतील. रक्त द्यायला कोण आहे तुमच्यामागे?"

मागे बाकावर दुसरी पेशंट बसली होती, तिच्यासोबत नवरा, दीर, भाऊ अशी फौज होती. माझ्या मागे माझी कापडी पिशवी होती. मी म्हटलं, बघते. त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी मनातल्या मनात माणसं मोजायचा प्रयत्न केला आणि लवकरच तो सोडून दिला. आई-वडील नव्हते. भाऊ होता, पण त्याच्याशी बोलणं तुटलेलं. आणि नवरा पुण्याकडे होता.

नवऱ्याचं सांगायचं तर ते फार लांब नाही. तो अकोटच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. ती सगळी वर्षं कापसासाठी वाईट होती, आमच्याकडे कोणाच्या घरी काय झालं हे विचारायची सोय नव्हती. जिनिंग बंद पडली तेव्हा तो म्हणाला, कंपनीत लागतो, सहा महिन्यांत तुम्हा दोघींना नेतो. कंपनीत लागला, आणि तिकडचाच झाला. तिकडे त्याचं दुसरं घर आहे, हे मला त्याच्याच एका मित्रानं खाली मान घालून सांगितलं. मी त्या मित्रालाही चहा पाजला.

दोघी म्हणजे मी आणि त्याची आई. त्यानं आईलाही नेलं नाही. लोक मला म्हणायचे, सासूला कशाला सांभाळतेस, तुझं काय लागतं आता? मलाही कधीकधी तसं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण ती जाणार कुठे, आणि ती गेली असती तर मी तरी संध्याकाळी कुलूप कोणासाठी उघडलं असतं? आम्ही दोघी एका घरात राहत होतो आणि त्याचं नाव घेत नव्हतो. एकाच माणसानं टाकलेल्या दोन बायका एकमेकींशी काय बोलणार? भाजी आणली का, दार लावलं का, पाणी आलं का, एवढंच बोलणं होतं.

आणि चहा होता.

आत्याबाईंना (मी सासूला आत्याबाई म्हणायची) गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नव्हतं. भाकरी मी करायची. चहा मात्र त्यांचा. संध्याकाळी मी शाळेतून येऊन भाकरी टाकल्या की त्या स्टोव्हजवळ पाट ओढायच्या आणि भगुल्यात चहा ठेवायच्या. भाकर आणि चहा हेच आमचं जेवण होतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तुरीचं वरण असायचं, अंबाडीची भाजी असायची, आठवड्यातून एखाद्या दिवशी मटणही. शाळा विनाअनुदानित, पगार आज होईल उद्या होईल असा, त्यात आमच्या तुकडाभर शेतातलं काही येईनासं झालं. मग डाळ पातळ झाली, पुढे भाजी एक दिवसाआड झाली आणि चहा तिच्या जागी कधी येऊन बसला ते कळलंही नाही. आमच्याच घरी नव्हे. आमच्या अख्ख्या गल्लीत त्या वर्षांत भाकरीसोबतचं कोरड्यास म्हणजे चहा. ज्वारीची भाकर कुस्करून तिच्यावर गरम चहा ओतायचा, गोड लागतो, पोट भरतं, आणि घरात स्वयंपाक झाल्यासारखं वाटतं.

पण मला त्यापेक्षा वेगळं काहीतरी मिळत होतं. आत्याबाई माझ्या ताटाशेजारी कप ठेवायच्या तेव्हा म्हणायच्या, "घे वं, निवून जाईन." दिवसभरात मला कोणी काही दिलं असं तेवढंच. शाळेत मी द्यायची, बाजारात मी द्यायची. हा एक कप मात्र माझ्याकडे चालत यायचा. लाल गोळी मी त्या चहासोबतच घ्यायची. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही असं पाकिटावर लिहिलं होतं, आणि भाकर-चहा म्हणजे काही रिकामं पोट नव्हे. शिवाय गोळीनं मळमळायचं, चहाच्या गोडीत ती निघून जायची. सकाळची गोळीही चहा-पोळीबरोबर. मी एकही चुकवली नाही.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. सात. आणखी महिन्याभरानं पुन्हा तेच, सातच्या थोडं वर. रक्तस्राव त्या दुसऱ्या गोळ्यांनी बराच आटोक्यात आला होता, तरी. डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गृहपाठ केला म्हणून सांगणाऱ्या पोराकडे पाहते.

"गोळ्या घेता की घरी डब्यात ठेवता?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. "घेते," म्हटलं.

"शौचाला काळं होतं का?"

होत होतं. तसं सांगितलं. त्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, मग घेताय खऱ्या, पण अंगी लागत नाहीत, लोह आतून तसंच बाहेर जातंय. आणि त्यांनी मला खालच्या मजल्यावर आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

आहाराच्या बाई तरुण होत्या, कामानं वैतागलेल्या, आणि भिंतीवर त्यांच्या मागे पालकाचं मोठं चित्र होतं. मी मनात म्हटलं, आता ही पालक खा, खजूर खा म्हणणार. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी मला कालचा दिवस सांगायला लावला. सकाळी उठल्यापासून, तोंडात जे जे गेलं ते. मी सांगत गेले. चहा. मग चहा-पोळी आणि गोळी. शाळेत मधल्या सुट्टीत डबा, तेव्हा स्टाफरूममध्ये चहा येतोच. संध्याकाळी भाकर-चहा आणि गोळी. खडूचं सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असं काही?" तेव्हा माझी मान आपोआप हलली.

"लाजू नका, लोह कमी झालं की होतं, भरलं की जातं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एकही घास चहाशिवाय खात नाही, हे लक्षात आलंय का तुमच्या?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असतं, ते मुळातच थोडंसं अंगात शिरतं. चहाच्या पानातला जो तुरटपणा आहे तो पोटात या लोहाला धरून ठेवतो, सोडतच नाही. मग ते दोघं मिळून बाहेर जातात. गोळीतल्या लोहाचंही तेच. चहा कोरा घेतला काय नि दुधाचा घेतला काय, फार फरक नाही. मटणातलं लोह निराळं, त्याला चहा इतका अडवत नाही, पण ते तुमच्या ताटात कधी असतं? "चहा सोडा असं मी म्हणत नाही. कोणी ऐकणार नाही आणि मीही सोडणार नाही. फक्त जेवण आणि चहा यांची गाठ घालू नका. जेवण झालं की निदान तासभर मध्ये जाऊ द्या. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. ताटात लिंबू पिळा, आवळा घ्या, पेरू खा. आंबट असलं की लोह आत जातं."

एवढंच? मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं, कारण घरी ते कोणाला सांगायचं हे माझ्या ध्यानात आलं होतं.

मी शब्द फार जपून वापरले, असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी कप ठेवला आणि मी म्हटलं, "आत्याबाई, जेवतानी चाहा नको मले. जेवण झाल्यावर घेईन, थोड्या वेळानं."

"काऊन?"

"दवाखान्यात सांगतलं. चाहानं रक्त नाई वाढत म्हणते."

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाल्या, "माया हातचा चाहा आजच बाधला का तुले? लग्न होऊन आली तवापासून मी भाकरीसंग चाहा पिऊन राहिली. मले काय झालं? सरळ सांग ना, बुढी नको झाली म्हनून."

"तसं नाई वं आत्याबाई..."

"थो गेला तसंच सांगून गेला. थोडे दिवस, म्हने."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याबद्दल काढलेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी माझा कप उचलला, स्वतःच्या भाकरीवर ओतला आणि खायला लागल्या. मी लिंबू पिळून कोरडी भाकर चावत बसले. चहा नसला की भाकरीला किती आवाज असतो हे त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस फार एकटे गेले. शाळेत मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा यायचा तेव्हा मी डबा घेऊन बाहेर निंबाखाली बसायची, कारण तिथे बसलं की कोणीतरी कप पुढे करणार आणि नको म्हटलं की कारण विचारणार. आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. गुरुजी लोक म्हणायचे, बाई फार शिष्ट झाल्या. घरी आत्याबाई माझ्यासाठी चहा ठेवेनाशा झाल्या होत्या. स्वतःपुरता करायच्या, भाकरीवर ओतायच्या, माझ्याकडे न बघता फुर्र फुर्र करत प्यायच्या. मुद्दाम मोठ्यानं. जेवणानंतर तासाभरानं मी उठून माझा मी चहा करायची आणि ओट्याशी उभ्यानंच प्यायची. तो चहा मला कधी आवडला नाही. एखाद्या संध्याकाळी तर वाटायचं, राहू दे ते दहा. आपलं रक्त वाढून आपण कोणासाठी जगायचं आहे? पण सकाळी उठून लिंबू कापायची. माझा स्वभाव हट्टी आहे, त्यावरच मी आजवर टिकले.

लिंबं शेजारून यायची. आमच्या भिंतीला लागून एका बागवानाचं घर होतं, तो गाडीवर फळं विकायचा. त्याची बायको भिंतीवरून हात करून उरलेली लिंबं द्यायची. मी पैशाचं विचारलं की म्हणायची, "निंबू का क्या हिसाब करते, बाई. रस निकलताय तो ले जाव." तिनंच एक दिवस आत्याबाईंना भिंतीवरूनच विचारलं, बाई निंबू का इतना क्या करती? आत्याबाई काय म्हणाल्या ते मी आतून ऐकलं. म्हणाल्या, "तिचं आपरेशन हाय. रक्त नाई तिच्या अंगात." आणि पुढे, "कोनी नाई ना तिचं." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्या दिवसानंतर हळूहळू काहीतरी बदललं. माझं जेवण झालं की आत्याबाई विचारायला लागल्या, "झाला का तास?" घरात घड्याळ होतं, पण त्यांना भिंतीवरचं दिसत नव्हतं. मग त्यांनी स्वतःची रीत काढली. गल्लीच्या तोंडाशी मशीद होती. मगरिबची, म्हणजे दिवस मावळल्यावरची, अजान झाली की आम्ही ताटं घ्यायचो. इशाची, रात्रीची, अजान झाली की चहा. मध्ये तास-सव्वा तास सहज जायचा. शेजारणीलाही त्यांनी ते सांगून टाकलं आणि तिला फार मजा वाटली. मी कधी आधी उठले तर आत्याबाई म्हणायच्या, "बस खाली. बांग कुठं झाली?" आणि बांग झाली की गुडघ्यांवर हात देत उठून स्वतः भगुलं ठेवायच्या. कप पुन्हा माझ्याकडे चालत यायला लागला. फक्त तो आता उशिरा यायचा.

त्या स्वतः मात्र जेवतानाच चहा घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, तुम्हीही थांबत जा माझ्याबरोबर. त्या म्हणाल्या, "मले कोन्तं आपरेशन करायचं हाय?" मीही पुन्हा म्हटलं नाही.

पोळ्याच्या सुमाराला सुरू केलं होतं. दिवाळीआधी तपासलं तेव्हा नऊच्या जवळ आलं होतं. कापूस बाजारात यायला लागला तेव्हा दहा पूर्ण झालं. खडूची आठवण मला बरेच दिवस झाली नव्हती, हेही त्याच दिवशी एसटीत ध्यानात आलं. दहा हा आकडा मी फळ्यावर हजारदा लिहिला असेन, पण त्या दिवसासारखा तो मला कधी दिसला नव्हता. घरी येऊन सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे आता चिरतात तुले?" आणि माझ्यासोबत यायची तयारी करायला लागल्या. लुगडं, तंबाखूची डबी, आणि पिशवीत चार लिंबं.

अकोल्याच्या दवाखान्यात भरती झाल्यावर डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, छान, आता चढवायची गरज पडू नये. तरी ऑपरेशनला एक बाटली हाताशी ठेवावी लागते, तिच्या बदल्यात घरच्या कोणीतरी रक्त द्या. पुन्हा तोच प्रश्न. रक्त द्यायला कोण आहे? मी काही बोलायच्या आत माझ्या मागून आवाज आला.

"मी हाय ना."

रक्तपेढीच्या माणसानं आत्याबाईंकडे पाहिलं आणि वय विचारलं. "पन्नास," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या मुलाचंच वय पन्नासकडे झुकलं होतं. तो माणूस हसला, म्हणाला, आजी, तुमचं नाही घेता येत. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. दंडाची कातडी लोंबत होती, त्यावरचं जुनं गोंदण दिसत होतं. "घे," म्हणाल्या, "तिले कोनी नाई. माया पोरानं टाकलं तिले. त्याचं रक्त माया अंगातूनच गेलं ना? मंग माहं घे."

रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. मी पदराचं टोक तोंडात धरून उभी होते. त्या माणसानं काही वाद घातला नाही. म्हातारीचं समाधान होईल म्हणून, किंवा तिचा फिकट रंग पाहून म्हणून असेल, त्यानं बोटाला सुई टोचली आणि थेंब यंत्राला लावला. आकडा पाहिला. दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा लावला.

"बाई," तो मला म्हणाला, त्यांना नाही, "यांचं साडेसहा आहे. या चालत कशा आल्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. खरं म्हणजे त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. ओठ पांढरे. डोळ्यांखालची कातडी कागदासारखी. नखं मधोमध खोलगट झालेली, माझी झाली होती तशी. गुडघे दुखतात म्हणून त्या बसून राहतात असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं. दर संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसून भाकरीवर चहा ओतत होत्या आणि मी त्यांच्यासमोर बसून भाकरीवर लिंबू पिळत होते. घरातलं ताट बदललं होतं, पण फक्त माझं.

आत्याबाईंना काही कळलं नव्हतं. त्या हात तसाच ठेवून विचारत होत्या, "झालं का? दुखलं तर नाई काई."

त्यांचं रक्त घेतलं नाही, तेव्हा रक्त देणारा माणूस आणते म्हणून त्या उठल्या आणि मला त्यांना थांबवणं जमलं नाही. साडेसहाचं अंग घेऊन त्या एसटीनं एकट्या गावी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बागवानाला घेऊन परत आल्या. त्यानं त्या दिवशी गाडी लावली नव्हती. रक्त देऊन झाल्यावर तो बाकावर बसून बिस्कीट खात होता. मी काही म्हणायला गेले तर म्हणाला, "अम्मा रोती थी, बाई. मैं क्या बोलता?" आत्याबाई रडल्या होत्या, हे मला परक्या माणसाकडून कळलं.

माझं ऑपरेशन नीट झालं. आत्याबाईंच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की एकट्या चहानं माणूस इतक्या खाली येत नाही. या वयात कुठे आतून रक्त जातंय का ते पाहिलंच पाहिजे. पोटात जंत निघाले, ते शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून शिरतात. आणि बाकी वर्षानुवर्षांचं अपुरं खाणं, आणि जे थोडं खाल्लं तेही चहानं अडवलेलं. जंताचं औषध दिलं, लाल गोळ्या दिल्या. आहाराच्या बाईंकडे या वेळी मी त्यांना नेलं. बाईंनी चहाचं सांगायला सुरुवात केली तर आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "माहीत हाय मले. बांगेपर्यंत थांबाचं."

मग आम्ही दोघी थांबायला लागलो. मगरिबला जेवायचो, ताटं उचलायचो, आणि बसायचो. चहा नाही, काम नाही, अंधार पडलेला, आणि एक अख्खा तास समोर. आधीच्या वर्षांत आमच्याकडे असा मोकळा वेळच नव्हता. बोलण्यासारखं असायचं ते आम्ही भाकरीसोबत चहात बुडवून गिळून टाकायचो. पहिले काही दिवस दोघी भिंतीकडे बघत बसलो. मग एकदा आत्याबाई म्हणाल्या, "लहानपनी थो खडू खाये." मी चमकून पाहिलं. त्या आपल्या लेकाबद्दल बोलत होत्या. मग त्या बोलतच राहिल्या. त्याची पहिली शाळा, त्याचा ताप, नवरा गेल्यावर याला घेऊन दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाणं. मीही बोलले. मी त्याला शिव्या दिल्या, त्यांच्यासमोर, मोठ्यानं. त्या म्हणाल्या, "दे. मीबी देतो मनातल्या मनात." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण भिंतीवरून डोकावली. मग अजान झाली आणि त्या उठल्या.

त्यांचं रक्त पुढे दहाच्या वर गेलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या होत्या. गेल्या त्या वयानं गेल्या, झोपेत. त्यांचा मुलगा तेराव्याला आला. मी त्याला चहा दिला आणि त्यानं तो जेवता जेवता प्यायला.

आता शाळेला अनुदान मिळालं आहे, घरात भाजी असते, वरण असतं. पिशवी नसल्यामुळे रक्त जात नाही, दरवर्षी तपासते, उत्तम असतं. डॉक्टरीणबाई मला मागेच म्हणाल्या होत्या, आता जेवताना एखादा कप घेतलात तरी तुम्हाला काही होणार नाही. त्यांचं बरोबर असणार. मी एकदा घेऊनही पाहिला. भाकर पटकन संपली, चहाही संपला, आणि पुढे अख्खी संध्याकाळ तशीच पडून राहिली. मग मी ते बंद केलं. मगरिबला जेवते, ताट उचलते आणि पाटावर बसते. मध्येच उठावंसं वाटतं, पण बसून राहते. बस खाली, बांग कुठं झाली, असं म्हणणारं कोणी नाही. तरी बांग होईपर्यंत मी उठत नाही.